संवत्सरीचा खमतखामणा : अबोला असलेल्या काकांना काय म्हणावे?

पेढीवरचा पुतण्या (नगर) :
संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळखीच्या सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडं’ असा एकच संदेश पाठवतो. गेल्या दिवाळीनंतर कापडाच्या दुकानाच्या वाटणीची बैठक झाली, तेव्हा मी धाकट्या काकांना सगळ्या नातेवाइकांसमोर ‘तुम्ही हिशेब दाबलेत’ असे म्हणालो. तेव्हापासून अबोला आहे आणि वाटणीचा दावा न्यायालयात चालू आहे. तोच संदेश त्यांनाही पाठवला, तर ते ढोंग ठरेल का? ठरत असेल, तर मी नेमके काय करावे?

सरळ वाट (पुणे) :
माझ्या मते अजिबात ढोंग ठरत नाही. प्रतिक्रमणात आपण ‘खामेमि सव्वजीवे’ म्हणतो, तेव्हा जगातल्या प्रत्येक जीवाची क्षमा मागून होते आणि त्या सर्व जीवांत आपले काकाही आलेच. क्षमापना हा आपल्या आत्म्याचा हिशेब आहे. समोरच्याने ती ऐकलीच पाहिजे किंवा स्वीकारलीच पाहिजे, अशी कोणतीही अट शास्त्रात नाही. संदेश पाठवा, मन मोकळे करा आणि पुढचे त्यांच्यावर सोडा. घरी जाऊन विषय काढलात, तर उलट जुनी जखम उघडी पडेल.

स्वाध्यायी (जळगाव) :
ज्या गावात साधु-साध्वींचा चातुर्मास नसतो, तिथे मी पर्युषणाचे आठ दिवस स्वाध्यायी म्हणून जातो, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. ‘सरळ वाट’ यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. समोरच्याने क्षमा केली नाही म्हणून आपली आराधना अडत नाही. कल्पसूत्राच्या सामाचारीत तसे स्पष्ट सांगितले आहे : जो शांत होतो त्याची आराधना होते, जो होत नाही त्याची होत नाही. मात्र त्याच ठिकाणी त्याआधी असेही म्हटले आहे की ज्याच्याशी कलह झाला, त्याला क्षमा करावी आणि त्याच्याकडून क्षमा मिळवावीही. लहानाने मोठ्याला खमवावे आणि मोठ्यानेही लहानाला खमवावे. हे सगळे माणसामाणसांतले सांगणे आहे. ‘सव्वजीवे’ हे पद ज्यांच्यापर्यंत आपण कधीच पोचू शकत नाही, अशा जीवांसाठी आहे. त्याच स्थानकात चार कटासने पलीकडे बसलेल्या काकांना त्यात घालून मोकळे होणे ही पळवाट आहे.

दुसरी बाब काळाची. कषाय किती टिकला यावरून त्याची पातळी ठरते, असे आपल्याकडे मानतात. पंधरा दिवसांत निवळला तर तो पाण्यावरच्या रेघेसारखा, चार महिन्यांत निवळला तर वाळूतल्या रेघेसारखा, वर्षभरात निवळला तर जमिनीच्या भेगेसारखा, आणि वर्ष उलटूनही राहिला तर दगडातल्या चिरेसारखा. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे या मुदतींशी जुळतात. आपल्या बैठकीला अजून वर्ष झालेले नाही, म्हणून ही संवत्सरी आपल्यासाठी शेवटची मुदत आहे. आणि म्हणूनच क्षमा संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या आधी मागायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळचा संदेश हा भेटीगाठींचा रिवाज झाला, तो चांगलाच आहे, पण ज्याच्याशी प्रत्यक्ष वैर आहे त्याच्यासाठी तो उशिराचा आहे.

नाशिकची सून :
मी दिवाणी दावे चालवते आणि जैन घरात सून म्हणून आले आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते. आपण काहीही लिहून पाठवू नये. ‘हिशेबाबद्दल मी बोललो ते खोटे होते’ असा एक संदेश गेला, तर त्याची छापील प्रत दाव्यात दाखल होऊ शकते आणि मग आपल्या वडिलांच्या हिश्श्याचे काय होईल याचा विचार करावा. मला तर दोषाचे नाव घेणेच पटत नाही. ‘मी तुम्हांला चोर म्हणालो’ असे पुन्हा उच्चारले, तर ऐकणाऱ्याला तो शब्द नव्याने टोचतो. पाया पडावे, ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणावे आणि चहा घेऊन परत यावे. आपल्या पूर्वजांनी हे ठरीव शब्द ठरवून दिले, ते अशाच अवघड वेळेसाठी.

वारणाकाठ (सांगली) :
आमच्या दिगंबर समाजात हा दिवस वेगळा असतो, ते इथे कोणी सांगितले नाही. ऋषिपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमचे दशलक्षण पर्व चालते आणि त्यानंतर क्षमावाणी होते. आम्ही ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. त्यामुळे मित्रांना नेमका कोणत्या दिवशी संदेश पाठवावा, हा माझाही गोंधळ असतो. माझा श्वेतांबर मित्र मला चतुर्थीला संदेश पाठवतो आणि मी त्याला जवळपास दोन आठवड्यांनी उत्तर देतो, ते बरे दिसते का?

दोषाचे नाव घेण्याबाबत मात्र माझा अनुभव ‘नाशिकची सून’ यांच्या उलट आहे. माझ्याकडून उसने घेतलेले पैसे एका मित्राने काही वर्षे बुडवले. दर क्षमावाणीला तो बस्तीत गळाभेट घेऊन ‘उत्तम क्षमा’ म्हणायचा, आणि पैशांचा शब्दही काढायचा नाही. ती गळाभेट मला अपमानासारखी वाटायची. एका वर्षी तो एवढेच म्हणाला, ‘तुझे पैसे मी वेळेवर दिले नाहीत आणि तू विचारल्यावर फोन उचलला नाही.’ त्या वाक्याने माझे मन निवळले. पैसे तर नंतर आले.

स्वाध्यायी (जळगाव) :
वारणाकाठ, मित्राला त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि आपल्या क्षमावाणीला पुन्हा आपल्या बाजूने क्षमा मागावी, दोन्ही शोभून दिसतात. आमच्यातही मंदिरमार्गी बहुधा चतुर्थीला आणि स्थानकवासी पंचमीला संवत्सरी करतात, तेव्हा दिवसाचा फरक कोणाला खटकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वकीलताईंची सावधगिरी मला मान्य आहे, पण तिच्यासाठी दोष झाकण्याची गरज नाही, दोष नेमका वेगळा काढण्याची गरज आहे. पुतण्याच्या हातून दोन गोष्टी घडल्या. एक, हिशेबाबद्दल शंका घेणे. ती खरी की खोटी, हे न्यायालय ठरवील. दुसरी, ती शंका नातेवाइकांसमोर आरोपाच्या भाषेत मांडून वडीलधाऱ्या माणसाला खाली मान घालायला लावणे. हा वचनाचा दोष आहे आणि दाव्याचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी तो दोषच राहतो. क्षमा याची मागायची आहे.

म्हणून संवत्सरीच्या दिवशी दुपारी, प्रतिक्रमणाला बसण्याआधी, एकट्याने जावे. म्हणणे एवढेच असावे : ‘काका, त्या बैठकीत सगळ्यांसमोर मी तुमच्याशी ज्या शब्दांत बोललो, तसे मी बोलायला नको होते. तुमचा आणि काकूंचा मान मी ठेवला नाही. त्याबद्दल मन, वचन, कायेने खमतखामणा करतो.’ यात ‘दुखावले असेल तर’ नसावे, कारण ते दुखावले आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. ‘पण तुम्हीही’ नसावे. दुकानाचा, वकिलाचा, तारखेचा उल्लेख नसावा. त्यांनी दुकानाचा विषय काढलाच, तर ‘तो आज नको, काका’ एवढे म्हणावे. ‘मलाही माफ केले म्हणा’ असा आग्रह धरू नये आणि ते गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसू नये.

सरळ वाट (पुणे) :
प्रतिक्रमणाआधी जाण्याचा मुद्दा मला पटला. संदेशाला कमी लेखणे मात्र अजूनही पटत नाही. क्षमापना लिहून पाठवण्याची रीत काही मोबाइलने आणलेली नाही. श्वेतांबर संघ पर्युषणानंतर दूरच्या आचार्यांना क्षमापनेची लांबच लांब चित्रमय विज्ञप्तिपत्रे पाठवत असत. आग्र्याच्या संघाने 1610 मध्ये विजयसेन सूरींना पाठवलेले पत्र तर चित्रकलेच्या अभ्यासकांनाही माहीत आहे. परदेशातल्या भावाला किंवा अंथरुणाला खिळलेल्या मित्राला लिहिलेल्या चार ओळी, त्या त्याच्यासाठीच लिहिल्या असतील तर, भेटीइतक्याच खऱ्या असतात.

उंबरठा (सोलापूर) :
मला ही सगळी चर्चा सोयीची वाटते. एका हाताने दावा चालवायचा आणि दुसऱ्या हाताने क्षमा मागायची, हे कसे जुळते? उदायन राजाची कथा आठवावी. त्याने उज्जैनच्या चंडप्रद्योताला युद्धात पकडले आणि त्याच्या कपाळावर ‘दासीपती’ अशी अक्षरे डागली. वाटेत पर्युषण आले. उदायनाचा उपवास होता, म्हणून स्वयंपाक्याने प्रद्योताला विचारले की आपण काय घेणार. विषप्रयोगाच्या भीतीने प्रद्योत म्हणाला, ‘मीही श्रावक आहे, माझाही उपवास आहे.’ हे कळल्यावर उदायन म्हणाला की साधर्मिक बंदीत असताना माझे प्रतिक्रमण शुद्ध कसे होईल? त्याने त्याला सोडले आणि कपाळावरचा डाग झाकण्यासाठी सोन्याचा पट्ट बांधला. त्याने आधी बंधन काढले आणि मग क्षमापना केली. त्या न्यायाने आधी दावा मागे घ्यावा, मगच काकांच्या दारात जावे.

नाशिकची सून :
दावा वडिलांच्या नावाने असेल, तर तो मागे घेणे पुतण्याच्या हातात नाही. शिवाय वाटणीचा दावा म्हणजे वैर नव्हे. अनेक घरांत तो शांतपणे चालतो आणि तडजोडीने मिटतो. त्या कथेत मला दुसरे काही दिसते. कपाळावरची अक्षरे सगळ्यांना दिसत होती, म्हणून पट्टही सगळ्यांना दिसेल असा बांधला. आरोप नातेवाइकांसमोर झाला असेल, तर एकांतातली क्षमा पुरेल का, असा प्रश्न मला आता पडला आहे, आणि तो माझ्याच आधीच्या सल्ल्याविरुद्ध जातो.

शेजारची ताई (ठाणे) :
मी जैन नाही. आमच्या इमारतीतल्या मैत्रिणी मला दरवर्षी ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात आणि मी ‘अहो, तुमचे काय चुकले?’ असे म्हणून विषय हसण्यावारी नेते. ते चुकते का?

स्वाध्यायी (जळगाव) :
ताई, त्याऐवजी आपणही हात जोडून ‘माझ्याकडूनही काही चुकले असेल तर क्षमा असावी’ असे म्हणावे. त्यांनी विनयाने काही पुढे केलेले असते, ते हसून परत केले की त्यांना अवघडल्यासारखे होते.

वकीलताई, आपला प्रश्न मोलाचा आहे आणि माझेही त्यावर पक्के मत झालेले नाही. काही वडीलधारे म्हणतात की दोष जितक्यांसमोर, तितक्यांसमोरच खमवावे. माझा अनुभव असा आहे की सर्वांसमोर मागितलेली क्षमा समोरच्याला नकार देण्याची मोकळीक ठेवत नाही. म्हणून आधी एकांतात जावे आणि काकांनाच विचारावे की बाकीच्यांनाही सांगितलेले त्यांना आवडेल का.

पेढीवरचा पुतण्या (नगर) :
सर्वांचा आभारी आहे. दावा वडिलांच्या नावाने आहे आणि मी काकांकडे जाणे त्यांना पसंत नाही. त्यांना न सांगता गेलो, तर तो वडिलांशी लपवाछपवीचा दोष होईल. म्हणून संवत्सरीच्या सकाळी पहिला खमतखामणा त्यांनाच करीन आणि दुपारी काकांकडे जाणार असल्याचे तेव्हाच सांगेन. बैठकीला हजर असलेल्या दोन आत्यांना मात्र काय सांगावे, ते काकांशी बोलल्यावरच ठरवीन.