मदत हवी आहे: शाईला ऊर्ध्वपातन की क्रोमॅटोग्राफी?

पाटीपेन्सिल: वर्कशीटमध्ये प्रत्येक मिश्रणासाठी गाळण, ऊर्ध्वपातन किंवा क्रोमॅटोग्राफी यांपैकी एक पद्धत निवडून एका ओळीत कारण द्यायचं आहे. वाळू-पाणी झालं. पण शाई दोनदा आली आहे: ३) काळ्या शाईतून पाणी मिळवा. ५) काळ्या शाईत कोणते रंग आहेत ते शोधा. मिश्रण एकच, मग उत्तरं वेगळी कशी?

गाळणी: ३ ला गाळण चालेल ना? फिल्टर पेपर बारीक छिद्रांचा घ्यायचा.

काचनळी: नाही चालणार. शाईतला रंग पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे तो पाण्याबरोबर कागदातून सरळ खाली उतरतो. गाळून खाली आलेलं पाणी काळंच दिसेल. न विरघळलेले कण असतील तरच गाळण.

पाटीपेन्सिल, मिश्रण काय आहे यापेक्षा त्यातून काय हवंय ते आधी बघा. ३ मध्ये पाणी हवंय, म्हणून ऊर्ध्वपातन. कारण लिहा: पाण्याची १०० अंशांना वाफ होते, रंग चंबूतच राहतो, वाफ थंड केली की पाणी मिळतं. चंबू निम्म्याहून कमी भरायचा आणि उकळी सौम्य ठेवायची, नाहीतर शाई उसळून थेट नळीत जाते. जमा झालेलं पाणी निळसर दिसलं तर हेच झालंय असं समजा.

५ मध्ये रंग हवेत, म्हणून क्रोमॅटोग्राफी. जो रंग पाण्यात जास्त रमतो तो कागदावर वर पळतो, जो कागदाला धरून राहतो तो मागे पडतो. कागदाच्या खालच्या कडेपासून २ सेंमीवर पेन्सिलने रेघ मारा, तिच्यावर २-३ मिमीचा ठिपका द्या आणि भांड्यात पाणी फक्त १ सेंमी ठेवा. ठिपका पाण्यात बुडला तर रंग वर चढण्याऐवजी भांड्यातच विरघळतो. रेघ पेनाने मारलीत तर तिचीच शाई पसरून सगळा घोळ होईल.

मार्करवाला: मी असंच केलं, पण ठिपका तासभर जागचा हलला नाही. कागद खराब असेल का?

काचनळी: पर्मनंट मार्कर असणार. त्याची शाई पाण्यात विरघळत नाही, मग पाणी तिला ओढणार कसं? पाण्याऐवजी स्पिरिट वापरून बघा, पण जवळपास आच नको आणि खिडकी उघडी ठेवा.

पाटीपेन्सिल: समजलं. आता फक्त ७ वा राहिला: 'गढूळ खारं पाणी, शुद्ध पाणी हवं.' पद्धत एकच लिहायची आहे.

काचनळी: ऊर्ध्वपातन. गाळ आणि मीठ दोन्ही मागे राहतात.

गाळणी: पण आधी गाळून घेतलं तर चंबूत गाळ साचत नाही, उसळीही कमी येते. दोन्ही लिहायला हवं.

काचनळी: प्रत्यक्षात करताना तेच करावं, मान्य. पण चौकट एकच आहे. मी ऊर्ध्वपातन लिहून कारणात 'आधी गाळून' हे दोन शब्द घातले असते. तपासणारा काय म्हणेल ते त्यालाच विचारा.