२३० वॅटचा गेमिंग लॅपटॉप १०० वॅटच्या चार्जरवर: खरंच निम्मा होतो का?

वाटसरू:
लॅपटॉपसोबत आलेला चार्जर २३० वॅटचा आहे आणि विटेसारखा जड आहे. प्रवासात त्याऐवजी १०० वॅटचा टाइप-सी चार्जर नेला तर गेम किती मंदावतील? की तेवढ्यासाठी चार्जर लावणं आणि नुसतं बॅटरीवर खेळणं एकच?

फेराइट:
एकच नाही, बराच फरक पडतो. माझा लॅपटॉप साधारण तुमच्याच जातीचा आहे. एकाच गेममधला एकच प्रसंग, तीच सेटिंग्ज, तिन्ही प्रकारे चालवून मी आकडे लिहून ठेवले होते.

मूळ चार्जरवर जीपीयू १२५ वॅट घेत होता, सीपीयू ४५, आणि सेकंदाला सरासरी ९६ फ्रेम मिळत होत्या. १०० वॅटच्या टाइप-सीवर जीपीयू ५५ वर आला, सीपीयू २५ वर, फ्रेम ६१. चार्जर काढला तर बरोबर ३०, जराही हलत नव्हत्या.

आकडा असा खिळल्यासारखा दिसला की समजायचं, ताकद संपलेली नाही, कुणीतरी मर्यादा घातली आहे. ही मर्यादा एनव्हिडियाच्या `Battery Boost` ची होती. ते बंद केलं आणि त्याच बॅटरीवर फ्रेम ४७ झाल्या, जीपीयू ४० वॅटच्या आसपास. ‘बॅटरीवर एक तृतीयांश उरतं’ असं बरेच जण सांगतात. त्यातल्या पुष्कळांनी हे ३० चं कुंपण मोजलेलं असतं, लॅपटॉप नाही.

आता टाइप-सीचं गणित बघा. दोन्ही चिप्सची मिळून वीज १७० वॅटवरून ८० वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी. फ्रेम मात्र जवळजवळ दोन तृतीयांश राहिल्या. चिपला शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज खूप वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. त्यामुळे वरचे वॅट फार थोडं काम करतात. ते काढून घेतले तर तेवढंसं जाणवत नाही.

खाली मात्र उलटं होतं. ग्राफिक्सची मेमरी आणि तिच्या आजूबाजूचे भाग आपला वाटा आधीच घेऊन बसतात, मग जीपीयूला ३०-४० वॅटच मिळत असतील तर खुद्द गणितं करणाऱ्या भागाच्या हाती फारच थोडं उरतं. म्हणून १२५ वरून ८० वर येणं सोसतं, ५५ वरून ३५ वर येणं सोसत नाही.

जाडवायर:
फेराइट, आकडे ठीक आहेत, पण सल्ला धोक्याचा वाटतो. २३० वॅट मागणाऱ्या यंत्राला १०० चा चार्जर लावला की यंत्र ओढणार २३० च. चार्जर तापतो आणि एक दिवस जळतो. माझ्या डोळ्यांसमोर असा एक गेलाय, पिनेजवळचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं.

फेराइट:
तो गोल पिनेचा होता का?

जाडवायर:
हो, गोलच. व्होल्टेज तेच होतं, वॅट कमी.

फेराइट:
मग त्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. गोल पिनेत चार्जर किती देऊ शकतो हे लॅपटॉपला कळायची सोय सगळीकडे नसते. काही कंपन्या पिनेच्या मधल्या बारीक तारेतून चार्जरची ओळख वाचतात, आणि ओळख पटली नाही की लॅपटॉप चार्जिंगच थांबवतो किंवा सीपीयूला अगदी रांगायला लावतो. जिथे ही ओळखच नाही तिथे लॅपटॉप हवं तेवढं ओढत राहतो. अशा ठिकाणी कमी वॅटचा चार्जर लावू नये, यात माझं दुमत नाही.

टाइप-सीचं तसं नाही. तिथे चार्जर आधी आपली यादी सांगतो: २० व्होल्टला ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट. लॅपटॉप त्यातून निवडतो आणि आपल्या दोन्ही चिप्सना तेवढ्यातच बसवतो. शंभरातून पडदा, पंखे, रॅम, एसएसडी आणि रूपांतरात जाणारी वीज मिळून सुमारे २० वॅट वजा करा. उरलेले ८० म्हणजे माझे वरचे ५५ आणि २५.

दोनबोटं:
माझा अनुभव तुमच्या आकड्यांच्या जवळपासही नाही. चार्जर १०० वॅटचाच आहे, लॅपटॉपही याच वर्गातला. गेममध्ये २६ फ्रेम. मी तर टाइप-सी हा प्रकारच गेमिंगसाठी निरुपयोगी ठरवून मोकळा झालो होतो.

फेराइट:
केबल कुठली आहे? गेम चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत हे चालवा आणि पहिला आकडा सांगा.

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,clocks.gr,clocks.mem,pstate --format=csv -l 1
```

दोनबोटं:
२४ ते २७ वॅटच्या मध्ये फिरतोय. केबल फोनसोबत आली होती ती. चांगली जाड आहे.

फेराइट:
जाडीवर जाऊ नका. टाइप-सीच्या केबलमध्ये ५ अँपिअरची खूण सांगणारी चिप नसेल तर चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही. २० व्होल्ट गुणिले ३, म्हणजे तुमचा १०० चा चार्जर प्रत्यक्षात ६० चा आहे. त्यातून वरचे २० गेले की दोन्ही चिप्सना मिळून ४० उरतात, आणि तुमचे २५ तिथूनच आलेत. केबलच्या टोकावर किंवा वेष्टनावर 5A किंवा 100W असं छापलेली केबल लावून बघा.

एकटाके:
मूळ प्रश्नाकडे या की. बॅटरीवर काही अर्थ नाही. माझी ८० वॅट-तासांची बॅटरी गेममध्ये एक तासही जात नाही, नवीन असतानाही जात नव्हती. कंपनीने मोठी बॅटरी द्यायला हवी होती.

फेराइट:
एकटाके, ते बॅटरी किती वेळ टिकते याबद्दल झालं, प्रश्न वेगाचा आहे. तरी दोन्हींचं मूळ एकच आहे. विमानात सहसा १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी विनापरवानगी नेता येते, म्हणून कंपन्या सहसा १०० च्या वर जात नाहीत. चार सेल एकापाठोपाठ जोडलेल्या बॅटरीचा दाब साधारण १५ व्होल्ट असतो. तिच्यातून २३० वॅट काढायचे तर १५ अँपिअर वाहावे लागतील. सेल तापतात, दाब खाली बसतो आणि मग तेवढेच वॅट काढायला आणखी प्रवाह लागतो. म्हणून फर्मवेअर आधीच हात आखडता घेतं. बॅटरी मोठी दिली तर वेळ वाढेल, वेग फारसा वाढणार नाही.

शेवटचाटक्का:
मला फेराइटच्या सरासरीवर आक्षेप आहे. दहा मिनिटं मोजून ६१ सांगणं सोपं आहे, दोन तास खेळून बघा. माझा लॅपटॉप १०० वॅटवर असताना बॅटरीची मदत घेतो. सुरुवातीला ७० फ्रेम मिळतात आणि माणूस खूश होतो. पण टास्कबारकडे नजर गेली तर चार्जर लावलेला असूनही दर दोन मिनिटांना एक टक्का उतरत असतो. मी ६० टक्क्यांवर बसलो होतो. साधारण तासाभराने ३० टक्क्यांवर आलो आणि ऐन लढाईत फ्रेम ५२ वर आदळल्या. फर्मवेअरने बॅटरीची मदत काढून घेतली होती. ५२ फ्रेमही चालतील, पण ७० वरून ५२ वर एका क्षणात येणं चालत नाही. त्यापेक्षा वीट उचललेली परवडली.

फेराइट:
हा मुद्दा मी सोडायला नको होता. तुमची बॅटरीही ८० वॅट-तासांची धरली तर दोन मिनिटांत तिचा एक टक्का, म्हणजे सुमारे २४ वॅट बॅटरीतून जातायत. माझा लॅपटॉप ही मदत घेत नाही, तो १०० च्या आतच राहतो, म्हणून माझ्याकडे ही घसरण दिसलीच नाही. तुमचा कुठल्या जातीचा आहे ते मोजणं सोपं आहे. बॅटरी ७० टक्क्यांवर असताना कमी वॅटचा चार्जर लावा आणि वीस मिनिटं खेळा. टक्के उतरले तर मदत घेतोय. स्थिर राहिले किंवा वाढले तर नाही.

घेत असेल तर फ्रेमला आपणच लगाम घालायचा. तुमच्या लॅपटॉपवर ५० चा लगाम घातला तर बहुधा बॅटरीला हात लावायची वेळच येणार नाही. मग तो आदळाही नाही.

शेवटचाटक्का:
५० चा लगाम घालायचा तर १४४ हर्ट्झचा पडदा घेतला कशाला? गोळीबाराच्या खेळात मला हे मान्य नाही. आणि रोज बॅटरी अशी अर्धवट उतरवत-चढवत राहिलं तर तिचं आयुष्य कमी होतं, ते कुणी धरत नाही.

फेराइट:
गोळीबाराच्या खेळापुरतं तुमचं मान्य. शिवाय तिथे सीपीयू जास्त लागतो, आणि २५ वॅटच्या सीपीयूत सरासरी बरी दिसली तरी मधूनमधून झटके येतात. बॅटरीच्या झिजेबद्दल मात्र मी इतका ठाम नाही. उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर ठेवणं मला जास्त घातक वाटतं, आठवड्यातून दोनदा ६० वरून ३० वर येणं नाही.

जाडवायर:
झिजेबाबत मी शेवटचाटक्का यांच्या बाजूने. बॅटरी बदलायची म्हणजे अख्खी पाठ उघडावी लागते.

दोनबोटं:
5A छापलेली केबल मिळाली. तोच चार्जर, तोच गेम. जीपीयू ५३ वॅट, फ्रेम ५८. वर्षभर मी चार्जरला दोष देत होतो, मागचं निरुपयोगी हे विधान मागे घेतो.

वाटसरू:
सगळ्यांचे आभार. उसना १०० वॅटचा चार्जर आणि 5A केबल लावून वीस मिनिटांची चाचणी केली. बॅटरी ७१ वरून ७२ वर गेली, म्हणजे माझा मदत घेत नाही. फ्रेम ८८ वरून ५७. चार्जर काढल्यावर ३० वर खिळल्या, `Battery Boost` बंद केल्यावर ४१.

एक मात्र कळलं नाही. बॅटरीवर त्या कमांडमध्ये `clocks.mem` चा आकडाही खाली आला, टाइप-सीवर आला नव्हता. हे सगळ्यांकडे होतं का?

फेराइट:
माझ्याकडेही येतो. बॅटरीवर मेमरीचा वेगही फर्मवेअर कमी करतं, म्हणून जीपीयूचे वॅट फार कमी दिसत नसतानाही फ्रेम जास्त पडतात. पण सगळ्या लॅपटॉपमध्ये असं होत नाही. शेवटचाटक्का, तुमच्याकडे चार्जर काढून तो आकडा काय दिसतो?

शेवटचाटक्का:
संध्याकाळी बघून सांगतो. वीट मात्र मी नेणारच.