मदत हवी आहे: सोशल मीडियाच्या पोस्ट रांगेत लावण्याआधी लेखी मंजुरी कशी मागू?

मी फ्रीलान्सर आहे. क्लायंटच्या तिमाही मोहिमेच्या 24 पोस्ट तयार आहेत, पण होकार फक्त फोनवर मिळालाय. मागच्या वेळी असंच झालं, जुन्या पॅकिंगचे फोटो गेले आणि चूक माझी ठरली. म्हणून हा ईमेल लिहिलाय:

“नमस्कार, सोबतच्या शीटमधला मजकूर आणि तारखा तपासून याच ईमेलला ‘मंजूर’ असं उत्तर द्यावं. प्रत्येक उत्पादनाचे दोन नमुना फोटो मूळ फाइलमध्येच पाठवावेत, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा दर्जा घसरतो. शुक्रवारपर्यंत दोन्ही मिळालं, तर सोमवारी पोस्ट रांगेत लावते. तोवर काहीही शेड्यूल होणार नाही.”

शेवटचं वाक्य फार कडक वाटतंय का? ते काढायचं नाहीये, फक्त जरा मऊ कसं करू? आणि फोटो वापरण्याची परवानगी यातच मागू की वेगळी?