घास छातीत अडकतो : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सी-५०२ (वहिनी): ग्रुपवरच्या डॉक्टरांना विचारायचं होतं. सासऱ्यांचं वय ६१. चार-पाच महिन्यांपासून भाकरी किंवा चिकन खाल्लं की घास छातीच्या मधोमध अडकतो. दोन घोट पाणी प्यायलं की कधी सरकतो, कधी तसाच तोंडात परत येतो. वरण-भात, ताक, चहा काहीच अडकत नाही. ॲसिडिटी खूप जुनी आहे, त्रास झाला की मेडिकलमधून गोळी आणून घेतात. ते म्हणतात, "घाईत जेवलो म्हणून होतं." खरंच तेवढंच असतं का?

ए-६०१ (काका): अगं, आमच्याकडे असं झालं की न चावता केळं गिळायला सांगायचे. मागचं पुढच्याला ढकलतं.

बी-३०४ (डॉक्टर, पोटविकार): काका, हे कृपया कोणी करू नका. अडकलेल्या घासावर दुसरा घास गेला की वर थर साचतो, उलटीत तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

वहिनी, आधी काही गोष्टी सांगा. पहिल्या दिवसापासून फक्त घट्ट पदार्थच अडकतात की पाणीही? त्रास वाढत चाललाय की कधीमधी होतो? वजन, भूक? तंबाखू, मिश्री, दारू? गिळताना ठसका लागतो का? चालताना किंवा जिना चढताना छातीत काही होतं का?

सी-५०२ (वहिनी): पाणी कधीच अडकलं नाही. आधी फक्त मटणाच्या वेळी व्हायचं, आता भाकरीलाही होतं, आठवड्यातून तीनेक वेळा. वजन तेवढंच, भूक चांगली. तंबाखू, दारू नाही. ठसका नाही. चालताना काही नाही. एक गंमत म्हणजे, छातीतली जळजळ मात्र हल्ली कमी झालीय.

बी-३०४ (डॉक्टर): ती जळजळ कमी होणं चांगलं लक्षण समजू नका. पोटातलं ॲसिड वर्षानुवर्षं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लागत राहिलं की तिथे व्रण होतात, भरतात, पुन्हा होतात. भरताना तिथे कडक, आवळणारी ऊती तयार होते आणि नळी आतून अरुंद होते. यालाच रिपोर्टमध्ये स्ट्रिक्चर लिहितात. वाट अरुंद झाली की ॲसिडलाही वर यायला जागा कमी मिळते, म्हणून काहींची जळजळ उतरते आणि त्याच सुमारास घास अडकायला लागतो. माणूस म्हणतो, ॲसिडिटी बरी झाली.

निरोगी अन्ननलिका घास जाताना साधारण २ सेंटीमीटरपर्यंत उघडते. आतली जागा १३ मिलिमीटरच्या खाली गेली की मटण, भाकरी, कोरडी पोळी हे पदार्थ अडायला लागतात. पाणी आणि वरण त्याहून कितीतरी अरुंद जागेतून जातं. घट्ट अडकतं, पातळ जातं आणि त्रास हळूहळू वाढतो, असं असलं की आधी अरुंदपणाचा विचार करायचा. हा अंदाज लक्षणांवरूनच बऱ्यापैकी बांधता येतो. अरुंदपणा कशामुळे, हे मात्र लक्षणांवरून सांगता येत नाही.

सी-५०२ (वहिनी): म्हणजे वाईटही असू शकतं?

बी-३०४ (डॉक्टर): असू शकतं, म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळायची नाही. गाठ असेल तर साधारणपणे काही आठवडे ते काही महिन्यांतच पायऱ्या उतरत जातात : आधी भाकरी, मग मऊ भात, मग पेज, शेवटी पाणी. सोबत वजन उतरतं. तुमच्या सासऱ्यांचं चित्र संथ आहे, वजन टिकून आहे, जुनी ॲसिडिटी आहे. हे ॲसिडच्या स्ट्रिक्चरकडे बोट दाखवतं. पण ६१ व्या वर्षी नव्याने घास अडकतोय, तर नुसत्या गोळ्यांवर थांबून वाट पाहू नका. या आठवड्यातच एंडोस्कोपीची वेळ घ्या.

आणखी एक. ते छातीच्या मधोमध बोट ठेवतात, पण अडथळा त्याच जागी असेल असं नाही. खाली पोटाच्या तोंडाशी अडलेला घास कित्येकांना गळ्याशी अडकल्यासारखा वाटतो. त्यामुळे "गळ्याचं आहे" म्हणून फक्त घसा तपासून परतू नका.

ए-२०३ (फार्मासिस्ट): गोळीबद्दल थोडं सांगतो, काउंटरवर हा घोळ रोज दिसतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जेवणानंतर जळजळ झाली की घेतल्या जातात. त्यांचं काम ॲसिड तयार करणारे पंप बंद करणं, आणि हे पंप जेवणाच्या वेळी चालू होतात. म्हणून सकाळी नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायच्या आणि रोज घ्यायच्या. त्यांच्यावर आवरण असतं, म्हणून कुटून किंवा चघळून घेऊ नका.

आणि घास अडकणाऱ्या माणसाच्या बाकीच्या गोळ्याही तपासा. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल, हाडांची आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेट, लोहाच्या किंवा पोटॅशियमच्या गोळ्या नळीत चिकटून राहिल्या तर तिथेच भाजल्यासारखा व्रण करतात. घोटभर पाण्याने गोळी घेऊन लगेच आडवं होणं हे त्याचं नेहमीचं कारण. पेलाभर पाणी, उभं किंवा बसून, नंतर अर्धा तास झोपायचं नाही. अलेंड्रोनेट चालू असेल आणि गिळायला त्रास असेल तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ए-६०१ (काका): केळ्याचं मागे घेतो. पण माझ्या भाच्याचं वेगळंच आहे. वय ३४. त्याला पाणीसुद्धा अडकतं, थंड पाण्याने तर जास्तच. रात्री उशीवर न पचलेलं अन्न येतं. त्यालाही ॲसिडिटीच्याच गोळ्या दिल्यात, फरक शून्य.

बी-३०४ (डॉक्टर): काका, हे वेगळ्या वाटेचं आहे. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासूनच अडकत असेल तर वाट अरुंद होण्यापेक्षा स्नायूंचं काम बिघडल्याची शंका जास्त. अन्ननलिकेतला घास नुसत्या वजनाने खाली पडत नाही. स्नायूंची लाट त्याला ढकलते आणि त्याच वेळी खालची झडप सैल होते. झडपेला सैल करणाऱ्या नसपेशी नष्ट झाल्या की झडप बंदच राहते आणि लाटही मरते. या आजाराला अकलेझिया म्हणतात. अन्न पोटात पोचतच नाही, म्हणून वर येतं तेव्हा ते आंबट किंवा कडू नसतं, खाल्लं तसंच असतं. साचलेलं अन्न आत सडून जळजळही होते, म्हणून त्याला ॲसिडिटी समजतात. रात्रीचा खोकला आणि वारंवार होणारा न्यूमोनिया हे त्याचे पुढचे धोके.

ए-६०१ (काका): त्याची दुर्बीण झालीय, "नॉर्मल" आली.

बी-३०४ (डॉक्टर): सुरुवातीला तसं येऊ शकतं. दुर्बीण भिंत दाखवते, स्नायूंचा दाब मोजत नाही. पुढची पायरी बेरियम गिळून काढलेला एक्स-रे : वरची नळी फुगलेली आणि खालचं टोक चोचीसारखं निमुळतं दिसतं. नंतर मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालून, पाण्याचे ठरावीक घोट गिळायला लावून प्रत्येक ठिकाणचा दाब मोजतात. निदान त्यावर पक्कं होतं. नसपेशी परत येत नाहीत, म्हणून इलाज झडपेवरच करावा लागतो. ३० ते ४० मिलिमीटरच्या फुग्याने तिचे तंतू फाडतात, दुर्बिणीतून स्नायू कापतात किंवा लॅपरोस्कोपीने कापतात. कापल्यावर ॲसिड वर यायची वाट मोकळी होते, म्हणून त्यानंतर कित्येकांना ॲसिडची गोळी खरोखरच लागते.

तरुण माणसात घट्ट घास अडकत असेल आणि दमा, ॲलर्जी असेल तर तिसरी शक्यता : नळीच्या भिंतीत ॲलर्जीच्या पेशी साचणं. त्यात दुर्बिणीत फारसं काही दिसलं नाही तरी निरनिराळ्या जागांचे किमान ६ तुकडे तपासायला पाठवावे लागतात. भाच्याची अशी बायोप्सी केली होती का, ते रिपोर्टमध्ये बघा.

डी-१०४ (नर्स, एंडोस्कोपी विभाग): वहिनी, तपासणीआधी ६ ते ८ तास घट्ट काही नको, पाणी किती वेळ आधी थांबवायचं ते सेंटर सांगेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर वेळ घेतानाच सांगा, स्वतःहून बंद करू नका. काका, भाच्याची पुन्हा दुर्बीण ठरली तर त्याला आदल्या एक-दोन दिवसांपासून पातळच घ्यायला सांगतील, नळीत कालचं जेवण असतं.

आणि सगळ्यांसाठी : घास अडकून स्वतःची लाळही गिळता येत नसेल, ती थुंकावी लागत असेल, तर रात्रीचे दोन असले तरी एंडोस्कोपीची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं. तोंडाने काही द्यायचं नाही, पेशंटला बसतं ठेवायचं. ६ तासांच्या आत घास काढणं चांगलं. यात माणूस बोलू शकतो, श्वास घेऊ शकतो. बोलताच येत नसेल, तोंड निळं पडत असेल तर घास श्वासनलिकेत आहे. तिथे लगेच पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरकस फटके, मग पोटावर ५ झटके, आणि १०८ ला फोन.

*(आठ दिवसांनी)*

सी-५०२ (वहिनी): दुर्बीण झाली. खालच्या टोकाला स्ट्रिक्चर, अंदाजे ९ मिलिमीटर, वर थोडे व्रण. हायटस हर्नियाही लिहिलंय. बायोप्सीत कॅन्सर नाही. त्याच वेळी फुग्याने १२ पर्यंत रुंद केलं, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. एकदाच पूर्ण का नाही करत?

बी-३०४ (डॉक्टर): बायोप्सी चांगली आली, छान. एका बैठकीत साधारण ३ मिलिमीटरच वाढवतात, कारण कडक झालेली भिंत एकदम ताणली तर फाटू शकते. पुढच्या वेळी १५ च्या आसपास नेतील. तिथे पोचलं की बहुतेकांना साधं जेवण जातं. हर्नियामुळे पोटाचा वरचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वर सरकलेला असतो आणि झडपेला आधार राहत नाही, म्हणून ॲसिड येत राहणार. गोळी रोज हवी. ती सोडली की स्ट्रिक्चर पुन्हा आवळण्याची शक्यता वाढते.

फुग्यानंतर थोडा घसा दुखेल, ते चालतं. छातीत किंवा पाठीत वाढत जाणारी कळ, ताप, धाप, मानेच्या त्वचेखाली दाबल्यावर चुरचुरणं, यातलं काहीही झालं तर खाणं-पिणं थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा.

सी-५०२ (वहिनी): भाकरी कधीपासून द्यायची? रोज विचारतायत.

डी-१०४ (नर्स): दुसऱ्या बैठकीपर्यंत आमटीत किंवा दुधात कुस्करून. मटण नकोच, खिमा चालेल. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंटीमीटरचे ठोकळे. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं, उलट ॲसिड जास्त वर येतं.

ए-६०१ (काका): भाच्याच्या रिपोर्टमध्ये बायोप्सीचा उल्लेखच नाही. बेरियमसाठी उद्याच पाठवतो.