बोनस कोणत्या नफ्यातून दिला, ते आधी बघा

> सब्सिडिअरीने ताबा घेतल्यानंतर बोनस शेअर दिले तर गुडविल बदलतं का? आणि होल्डिंगकडे असलेले तिचे डिबेंचर कुठे दाखवायचे?

सब्सिडिअरीचं भांडवल १० लाख, ताब्याच्या दिवशी रिझर्व्ह ४ लाख, नंतरचा नफा ३ लाख. होल्डिंगने ८० टक्के शेअर १३ लाखांना घेतले. आता २ लाखांचा बोनस निघाला.

तो जुन्या रिझर्व्हमधून दिला, तर भांडवल १२ आणि रिझर्व्ह २, बेरीज तीच १४. त्याचे ८० टक्के ११.२० लाख, गुडविल १.८० लाख. काहीच हललं नाही.

नंतरच्या नफ्यातून दिला, तर भांडवल १२ अधिक रिझर्व्ह ४ म्हणजे १६. आपला वाटा १२.८० आणि गुडविल फक्त २० हजार. पण कन्सॉलिडेटेड रिझर्व्हमध्ये जाणारा वाटाही २.४० वरून ८० हजारांवर येतो. दोन्हीकडे १.६० लाखच कमी झाले पाहिजेत. तसे नसतील तर बोनस दोनदा धरला गेलाय. मायनॉरिटी दोन्ही वेळा ३.४० लाखच.

ही परीक्षेतली पारंपरिक रीत झाली. इंड एएस १०३ मध्ये गुडविल ताब्याच्या तारखेलाच ठरतं, नंतरच्या बोनसने ते हलत नाही. मला तेच जास्त पटतं.

डिबेंचर कुठेच दाखवायचे नाहीत. दर्शनी किमतीला घेतले असतील तर गुंतवणूक आणि देणं समोरासमोर रद्द. कर्जाचंही तसंच. थकीत व्याज मात्र बहुतेक जण विसरतात: एकीकडचं येणं, दुसरीकडचं देणं, तेही काढा.