मदत हवी आहे: टायट्रेशनच्या फोटोत फ्लास्कमधलं द्रावण कोऱ्या चहासारखं का दिसतंय?

विश्रामबागी
नमस्कार मंडळी. मी कॉमर्सवाला, रसायनशास्त्राशी शेवटची गाठ दहावीत पडली. पुतणी इथेच सांगलीत बारावी सायन्सला आहे. प्रॅक्टिकल चालू असताना मैत्रिणीनं तीन फोटो काढले आणि बाईंनी आता त्याच फोटोंवर जर्नलमध्ये लिहून आणायला सांगितलंय. कोणतं उपकरण कशासाठी आणि रंग का बदलला, एवढंच. पुतणी म्हणते, "काका, रंग बदलतो म्हणून बदलतो." म्हणून इथे आलो.

फोटो जोडलेत, पण मोबाइलवर नीट दिसत नाहीत म्हणून सांगतो. पहिल्यात स्टँडला उभी लावलेली लांब काचेची नळी आहे, आत गडद जांभळं द्रावण, वर छोटं नरसाळं. खाली निमुळत्या मानेचा फ्लास्क, त्यात पाण्यासारखं काहीतरी, त्याखाली पांढरी फरशी. बाजूला तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा. दुसऱ्यात फ्लास्क अगदी फिकट गुलाबी. तिसऱ्यात तेच द्रावण कोऱ्या चहासारखं तपकिरी. मागे स्टँडमध्ये एक परीक्षानळी काठोकाठ भरलेली दिसते.

वहीतली रीडिंग अशी: 11.3, मग 10.1, 10.0, 10.0. तपकिरी झालं ते पहिल्या वेळी.

वारणाकाठ
सोपं आहे. आमच्या दूध संस्थेत रोज करतो. फ्लास्कमध्ये दूध, दोन-चार थेंब फिनॉल्फथॅलीन, वरून कॉस्टिक सोडा. गुलाबी छटा आली की थांबायचं, त्यावरून दुधाची आम्लता. तुमच्या पुतणीचा दुसरा फोटो तोच आहे. तपकिरी म्हणजे फ्लास्क धुतलेला नसणार. आमच्याकडे नवीन पोरं तेच करतात.

विश्रामबागी
पण दादा, पहिल्या फोटोत दूध नाही ना. आणि पुतणी म्हणते इंडिकेटर टाकलाच नव्हता. ती विसरली की काय, अशी मला शंका आहे.

अजिंक्यतारा
विसरली नाही. मी साताऱ्यात ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये 27 वर्षं काढली, हा प्रयोग दर वर्षी मांडून दिलाय.

वारणाकाठ, तुमचा गुलाबी आणि हा गुलाबी वेगळा. तुमच्याकडे वरचा सोडा रंगहीन असतो, रंग फिनॉल्फथॅलीनचा. इथे वरचं द्रावणच जांभळं आहे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिड. परमँगनेटचा थेंब पडला की ऑक्झॅलिक त्याचा रंग खाऊन टाकतं. त्यातलं मँगनीज जवळजवळ रंगहीन रूपात जातं, ऑक्झॅलिकचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. ऑक्झॅलिक संपलं की पुढच्या थेंबाचा रंग खायला कुणी उरत नाही, म्हणून फिकट गुलाबी तसाच राहतो. तोच एंड पॉइंट. रंग द्यायचं काम परमँगनेट स्वतःच करतं, वेगळा इंडिकेटर लागत नाही. दुसरा फोटो बरोबर त्या क्षणाचा आहे.

फोटोत ब्युरेटच्या तोंडाशी पाहा. काचेची तोटी आहे. सोड्याच्या प्रयोगाला आम्ही रबरी नळी आणि चिमट्याची ब्युरेट देतो, कारण सोड्यानं काचेची तोटी धरून बसते. परमँगनेट उलट रबरच खातं, म्हणून त्याला काचेचीच. जर्नलमध्ये हे लिहिलंत तर बाई खूश होतील, बहुतेक पोरं फक्त "ब्युरेट" लिहून सोडतात. पांढरी फरशी कशाला तेही लिहा. ओट्याच्या काळ्या दगडावर ही फिकट गुलाबी छटा दिसतच नाही.

एक चूकही दिसते. नरसाळं वर तसंच राहिलंय. ब्युरेट भरून झाली की ते काढायचं असतं. मधेच त्याच्यातून थेंब गळला तर पातळी वर येते आणि ओतलं त्यापेक्षा कमी रीडिंग दिसतं.

भडंगप्रेमी
तपकिरीबद्दल: फ्लास्क जास्त तापवला असणार. ऑक्झॅलिक तापवल्यावर फुटतं, मग परमँगनेट एकटं पडतं आणि तपकिरी होतं. आम्हाला 60 ते 70 अंश सांगितलं होतं, उकळू द्यायचं नाही. इंजिनियरिंगला शिकलेलं एवढं तरी आठवतंय.

अजिंक्यतारा
अर्धं बरोबर. 60 ते 70 हे खरं, आणि उकळलं तर ऑक्झॅलिक फुटतं हेही खरं. पण मग ऑक्झॅलिक कमी उरतं आणि रीडिंग 10 पेक्षा खाली यायला हवं. हिचं वर गेलंय, 11.3.

तपकिरी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, MnO2. परमँगनेट अर्ध्या वाटेतच थांबलं की हे होतं. पूर्ण गेलं तर ते पाच इलेक्ट्रॉन घेतं, तपकिरीवर अडकलं तर तीनच. म्हणजे तेवढंच ऑक्झॅलिक संपवायला परमँगनेट जास्त लागतं. म्हणून रीडिंग वर.

हिशेब करून दाखवतो. समजा नेहमीसारखं ऑक्झॅलिक 0.05 मोलर, पिपेटनं 10 मिली घेतलं. परमँगनेट 0.02 मोलर.

```
2KMnO4 + 5H2C2O4 + 3H2SO4 → K2SO4 + 2MnSO4 + 10CO2 + 8H2O

ऑक्झॅलिक : 10 × 0.05 = 0.5 मिलिमोल
परमँगनेट : 0.5 × 2/5 = 0.2 मिलिमोल
आकारमान : 0.2 / 0.02 = 10 मिली
```

म्हणून वहीतलं 10.0 चोख आहे. सगळं तपकिरीवरच अडकलं असतं तर हेच 16.7 च्या आसपास गेलं असतं. 11.3 म्हणजे थोडंसंच अडकलं.

भडंगप्रेमी
मान्य. मग अडकतं कशानं?

अजिंक्यतारा
तीन कारणं माझ्या पाहण्यात आहेत. सल्फ्युरिक कमी पडलं, फ्लास्क कोमट होता, नाहीतर तोटी धाडकन उघडली. शेवटचं सगळ्यात जास्त. सुरुवातीचे एक-दोन थेंब रंग सोडायला वेळ घेतात, कारण या क्रियेला तयार झालेलं मँगनीजच हात देतं आणि सुरुवातीला ते नसतंच. पोरांना वाटतं काही होतच नाही, मग ती धार सोडतात. पहिला थेंब रंगहीन होईपर्यंत फ्लास्क हलवत थांबलं की पुढे पटापट जातं.

बरं, ती मागची भरलेली परीक्षानळी पाहा. आमच्याकडे सल्फ्युरिक एक परीक्षानळीभर घालायची रीत होती. ती नळी तिसऱ्या फोटोत भरलेलीच असेल, तर ॲसिड घालायचंच राहिलं का, हे विचारा.

मिरजेची_मृणाल
विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. माझ्या मुलाच्या पांढऱ्या ॲप्रनवर याच प्रॅक्टिकलचा तपकिरी डाग पडलाय. सांडलं तेव्हा जांभळा होता म्हणे. ब्लीच लावलं, काही फरक नाही. वॉशिंग पावडर बदलू का?

अजिंक्यतारा
मृणालताई, विषयाला अगदी धरून आहे. तो डाग आणि फ्लास्कातला कोरा चहा एकच. कपड्यावर परमँगनेट वाळलं की मँगनीज डायऑक्साइड तिथे बसतं. ब्लीचनं जाणार नाही. लॅबमध्ये आम्ही सौम्य सल्फ्युरिक घातलेल्या ऑक्झॅलिकचे दोन थेंब टाकायचो, डाग डोळ्यांदेखत पुसला जायचा. घरी हे करू नका, ऑक्झॅलिक विषारी आहे. लॅबमधल्या कुणाकडून करून घ्या, मग भरपूर पाण्यात खळबळून काढा.

वारणाकाठ
मग फ्लास्कमधलं तपकिरीही तसंच जायला हवं ना? त्यात ऑक्झॅलिक आहेच की.

अजिंक्यतारा
चांगलं विचारलंत. ऑक्झॅलिक शिल्लक असेल, पुरेसं ॲसिड असेल आणि गरम केलं तर बऱ्याचदा जातं. पण गढूळ द्रावणात फिकट गुलाबी ओळखणार कसं? म्हणून बाई फेकून द्यायला लावतात. नवे 10 मिली घेऊन परत केलेलं बरं.

विश्रामबागी
पुतणीला समोर बसवून विचारलं. ती भरलेली परीक्षानळी पुढच्या वेळेसाठी आधीच भरून ठेवली होती म्हणे, पहिल्या वेळी ॲसिड घातलं होतं. मैत्रीण म्हणते नव्हतं घातलं. दोघींत वाद चालू आहे. धार सोडली होती का, तर "थोडी". दिव्याबद्दल विचारलं तर तो वाऱ्यानं दोनदा विझला होता, हे आठवलं.

आणखी एक. मघाशी 11.3 सांगितलं, तो एंड पॉइंट नव्हताच म्हणे. तपकिरी दिसल्यावर घाबरून तोटी बंद केली, तिथे जे दिसलं ते लिहिलं.

अजिंक्यतारा
अरेच्चा! मग "थोडंसंच अडकलं" हा माझा हिशेब गेला. एंड पॉइंट आलाच नसेल तर त्या आकड्यावरून ना उष्णता ठरत, ना ॲसिड. भडंगप्रेमींना मी जास्त उकळण्याबद्दल जे सुनावलं, तेही त्या आकड्याच्या भरवशावर होतं. तरी माझा कल त्या विझलेल्या दिव्याकडे आहे, पण फोटोवरून ते सिद्ध होत नाही. जर्नलमध्ये "ॲसिड कमी किंवा तापमान कमी" असं दोन्ही लिहा. आणि 11.3 सरासरीत धरू नका, तो आकडा खोडून शेजारी "तपकिरी झालं, टाकून दिलं" असं लिहा. खाडाखोड नको म्हणून लपवू नका.

भडंगप्रेमी
सर, पहिल्या फोटोत द्रावणाची वरची कड वाचायची की खालची? आम्हाला खालची शिकवलेली.

अजिंक्यतारा
रंगहीन द्रावणाला खालची. हे इतकं गडद असतं की खालचा वक्र दिसतच नाही, म्हणून वरची कड. सुरुवातीलाही वरची, शेवटीही वरची, मग वजाबाकीत फरक पडत नाही. फोटोवरून मात्र रीडिंग काढू नका. मैत्रिणीनं मोबाइल खालून धरलाय, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसतोय.

विश्रामबागी
आता कळलं, फोटोत मला 10.3 दिसत होतं आणि वहीत 10.0 का ते. पुतणी लिहायला बसलीय. "रबर खातं" हे वाक्य तसंच लिहू का, विचारतेय. मृणालताई, तिच्या ॲप्रनवरही डाग आहे, आत्ताच दाखवला.