‘आपल्या नावे बाकी’ : नक्की कोणाची बाकी?

शिरोलीकर
कंपनीत हिशेबाचं काम बघतो. वर्षअखेरीला ग्राहकांना आणि पुरवठादारांना बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं जातात. इंग्रजी पत्रांना छोटी मंडळी उत्तरच देत नाहीत, म्हणून ऑडिटरांच्या होकाराने यंदा मराठीत पाठवली. शाळेत नावे-जमा शिकलोय, तेच वापरलं. ग्राहकाला लिहिलं, ‘31 मार्च 2025 अखेर आपल्या नावे रु. 2,36,000 बाकी आहेत.’ त्याचं उत्तर : ‘आमचे एवढे पैसे निघतात हे माहीत नव्हते, पुढच्या बिलात वळते करून घ्या.’ पुरवठादाराला लिहिलं, ‘आपल्या खाती रु. 4,12,500 जमा आहेत.’ त्याचा तर फोनच आला, ‘बँकेत बघून आलो, एक रुपया जमा नाही!’ आता काय लिहू? आणि या पत्राला मराठीत म्हणायचं काय? मी ‘शिल्लक पुष्टीपत्र’ लिहिलं होतं.

पोळपाट
शिल्लक पत्र बँक देते की. मुलाच्या व्हिसासाठी मी घेतलंय. शाखेत अर्ज द्या, शिक्का मारून मिळतं.

शिरोलीकर
ते वेगळं हो. हे आपणच समोरच्या व्यापाऱ्याला पाठवायचं.

जुनी_वही
‘शिल्लक’ इथे नकोच. शिल्लक गल्ल्यातली, बँकेतली, नाहीतर गोदामातल्या मालाची. माणसाकडे असते ती बाकी. आमच्या दुकानात कोणी ‘गणपतरावांची शिल्लक किती’ असं विचारलं असतं, तर वडिलांनी आधी त्यालाच हिशेब शिकवला असता.

शुद्धमती
आणि ‘पुष्टी’ हिंदीतून आलीय. मराठीत पुष्टी म्हणजे पोषण. ‘खातरजमा’ किंवा ‘दुजोरा’ म्हणा.

खोडरबर
खातरजमा कुठली शुद्ध मराठी? खातिर आणि जमा, दोन्ही अरबी, फारसीमार्गे आलेले. बाकीसुद्धा अरबी. पुष्टीला हिंदी म्हणून हाकललंत तर हिशेबाच्या वहीत आकडेच उरतील.

शुद्धमती
शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला नव्हता.

खोडरबर
कोश झाला, आणि बाजारात बाकी बाकीच राहिली.

तिसरी_प्रत
नाव काहीही द्या, मजकुरातून नावे-जमा काढा. ‘तुमच्या नावे’ म्हटलं की लोकांना सातबारा आठवतो, नावावर आहे म्हणजे माझं. आणि ‘खात्यात जमा’ म्हणजे बँकेचा मेसेज. वहीतला अर्थ नेमका उलटा : तुमच्या नावे म्हणजे तुमच्याकडून येणं. त्यामुळे कर्ता-क्रियापदासकट वाक्य लिहा. पुरवठादाराला ‘आमच्या वह्यांप्रमाणे आम्ही आपणांस रु. 4,12,500 देणे लागतो’, ग्राहकाला ‘आपण आम्हांस रु. 2,36,000 देणे लागता’. नुसतं ‘येणे बाकी’ही लिहू नका, कोणाचं येणं यावर पुन्हा घोळ होतो.

मुदतबंद
शेवटी ‘15 दिवसांत उत्तर न आल्यास वरील रक्कम मान्य आहे असे समजू’ एवढं घाला की झालं. उत्तर नाही म्हणजे कबूल. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

तिसरी_प्रत
वाक्य घालायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. ऑडिटर ज्या SA 505 प्रमाणे चालतात, त्यात उत्तर मागितलेल्या पत्राला उत्तर आलं नाही तर दुसरा पुरावा शोधावा लागतो. ग्राहकाचे एप्रिल-मेमध्ये पैसे आले का, माल पोचल्याची सही आहे का, हे बघतात. फरक असेल तरच कळवा, अशा पत्राचा पुरावा मुळातच कमजोर. पत्र कचऱ्यात गेलं असलं तरी उत्तर येत नाहीच. आणि उत्तर थेट ऑडिटरांच्या पत्त्यावर जायला हवं. शिरोलीकर, तुमच्याकडे फोन आला तेव्हा ऑडिटरांच्या कपाळाला आठी पडली असेल.

शिरोलीकर
पडली! पण त्या पुरवठादाराचं पुढे ऐका. नवं पत्र दिलं तर म्हणतो, माझ्या वहीत 5,26,500 निघतात. फरक 1,14,000.

तिसरी_प्रत
त्याचा खातेउतारा मागवा, तुमच्या उताऱ्याशेजारी ठेवा, आणि दोन्हीकडे असलेल्या नोंदींवर खुणा करत जा. बिनखुणेचं जे उरेल तोच फरक.

शिरोलीकर
केलं. तीनच नोंदी उरल्या. त्याचं 30 मार्चचं 88,500 चं बिल, माल आमच्याकडे 2 एप्रिलला आला. आम्ही रिजेक्ट मालाची 23,600 ची डेबिट नोट काढलेली, ती त्याच्याकडे नाही. आणि आम्ही कापलेला टीडीएस 1,900, तो त्याने धरलेला नाही. बेरीज बरोब्बर 1,14,000.

तिसरी_प्रत
टीडीएस सोपा, त्याला फॉर्म 26AS मध्ये दिसेल, तो नोंद करेल. बिलाचं मात्र ‘माल वाटेत’ म्हणून सोडू नका. माल त्याच्या दारातून निघाला की तुमचा, असं ठरलं असेल तर 31 मार्चला ते देणं तुमच्याच वहीत हवं, माल वाटेत असला तरी. तुमच्या दारात पोचल्यावर तुमचा, असं असेल तर त्याने विक्री लवकर धरली. पर्चेस ऑर्डर काढून बघा. डेबिट नोट हा फरक नव्हे, वाद आहे. तो म्हणेल माल चांगला होता.

शिरोलीकर
तेच म्हणतोय. वर ‘रिजेक्शनचा कागद कधी दिलात’ असंही.

जुनी_वही
या दोन वह्या शेजारी ठेवून ताडून बघण्याला जुना शब्द आहे, रुजुवात. आजोबा म्हणायचे, ‘आधी रुजुवात घाला, मग भांडा.’ पाठ्यपुस्तकवाल्यांनी त्याचं ‘जुळवणी’ केलं. जुळवणी म्हटलं की वाटतं, काहीतरी करून जुळवून टाकलं!

खोडरबर
पुष्कळ ठिकाणी तेच तर करतात.

मुदतबंद
मग पत्राचं नाव ‘बाकी कबुलीपत्र’ ठेवा. कबुली दिली की कोर्टातही चालते, उधारी कितीही जुनी असू दे.

तिसरी_प्रत
अर्धं बरोबर. मुदतीच्या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे देणेकऱ्याने सही करून देणं मान्य केलं, तर सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. पण ती सही आधीची मुदत संपण्याआधीची हवी. तीन वर्षं उलटून गेलेल्या बिलावर आज सही आणून या कलमाचा उपयोग नाही.

अडत_दुकान
म्हणूनच आम्ही असल्या पत्रांवर सही करत नाही. एका पार्टीने कबुलीपत्र म्हणून पाठवलं, मुनीमजी म्हणाले, ‘सही केली तर वाद संपला, मालातली तूट गेली बाराच्या भावात.’ शेवटी फरकाचा तक्ता जोडून सही दिली. शिरोलीकर, कबुली शब्द घालाल तर एकही पत्र परत यायचं नाही.

तिसरी_प्रत
पुरवठादारांना रक्कम न छापता कोरी जागा ठेवूनही पाठवता येतं, ‘आपल्या वहीप्रमाणे आमच्याकडून किती येणे’ म्हणून. तुम्ही नोंदवायचं राहिलेलं बिल त्यात बाहेर येतं. छापील आकड्यावर लोक न बघताच सही ठोकतात. कोऱ्या जागेला उत्तरं मात्र कमी येतात, वही उघडावी लागते ना.

शुद्धमती
मूळ प्रश्न नावाचा होता. ‘बाकी खातरजमा पत्र’ चालेल का?

जुनी_वही
चालेल, पण खाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हवंच. ते मुळात हिशेबातलंच आहे, हल्ली लोक दोन ओळींच्या कवितेखालीही टाकतात.

मुदतबंद
ते खाली लिहिलं तर कबुली राहील का मग?

अडत_दुकान
आमचे मुनीमजी म्हणतात राहते. वकील म्हणतात बघावं लागेल. फी दोघांनाही जाते.